पेपर सोळा, बाकी मिक्स सहा: वाडीतल्या भंगाराचा एक हिशेब

कोकणात घरोघरी भंगार साठतंच, पण ते विकताना बहुतेकांचा एकच प्रश्न असतो, "पेपरला काय भाव देतो रे?" आणि भंगारवाल्यालाही हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो पेपरचा भाव चढा सांगतो आणि बाकीच्या मालात वसूल करतो. आमच्या वाडीत गेल्या उन्हाळ्यात बचत गटाच्या बायकांनी जानेवारीपासून सगळ्या घरांचं पेपर, पुठ्ठा, प्लॅस्टिक एकत्र जमवलं आणि मे अखेरीस विकलं, वह्या लिहायला मी होतो म्हणून सगळे आकडे माझ्याकडे आहेत, तेच सविस्तर लिहितोय. भाव त्या महिन्याचे, आमच्या भागातले आहेत, ते आज तुम्हाला मिळतीलच असं नाही, पण हिशेब करायची पद्धत कुठेही चालेल.

आमची वाडी गणपतीपुळ्याच्या अलीकडे, रत्नागिरी आरे-वारे मार्गे पंचवीसेक किलोमीटर. वीसेक घरं आणि तीन होमस्टे. होमस्टेमुळे पाण्याच्या बाटल्या भरपूर, नाहीतर नुसत्या घरांतून एवढ्या निघत नाहीत. जमवणारी मुख्य म्हणजे शेजारची वैनी, तिच्याच पडवीला लागून एक पत्र्याची खोली होती ती वापरली. महिन्यातून एकदा पोरं घरोघर गोणी घेऊन फिरायची.

आधी माल किती निघतो याचा अंदाज सांगतो कारण लोकांच्या अपेक्षा उगाच मोठ्या असतात. एक मराठी पेपर रोज घेतला तर महिन्याची रद्दी दोन ते अडीच किलोच्या आसपास भरते, पुरवण्या जास्त असतील तर थोडी वर. आमच्याकडे चौदा घरांत पेपर येतो, पाच महिन्यांत १६० किलो झाला, म्हणजे गणित जुळतं. दुधाची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी तीन ग्रॅमच्याही आत असते, किलो व्हायला साडेतीनशेच्या वर पिशव्या लागतात, एवढ्या धुवून वाळवून पाच महिन्यांत झाल्या फक्त ८ किलो. लिटरची पाण्याची बाटली पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे किलोला तेहतीस ते चाळीस बाटल्या. होमस्टेच्या मिळून ४० किलो बाटल्या झाल्या. एप्रिल-मे मध्ये शाळा संपल्यावर वह्या-पुस्तकं ६० किलो, पुठ्ठा १४० किलो (पंख्याचे, मिक्सरचे, ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके, आणि आंब्याच्या मोसमात फुटलेले बॉक्स), आणि बादल्या, टब, डबे, मोडक्या खुर्च्या हे कडक प्लॅस्टिक ५० किलो. एकूण ४५८ किलो. लोखंड, पत्रा, तांब्या-पितळेची भांडी या हिशेबात धरलीच नाहीत, तो वेगळा विषय आहे.

आता गिऱ्हाईक. पहिला आला तो नेहमीचाच, टेम्पो घेऊन गावोगाव फिरणारा. त्याने खोलीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "पेपर सोळा, बाकी सगळं मिक्स सहा, आत्ता उचलतो, रोख देतो." वैनीचे डोळे चमकले कारण गेल्या वर्षी पेपर अकराने गेला होता. कागदावर मांडलं तर १६० किलोचे २,५६० आणि उरलेल्या २९८ किलोचे १,७८८, मिळून ४,३४८ रुपये. वाईट नाही असंच कोणालाही वाटेल.

पण दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे 'मिक्स'. मिक्स म्हणजे काय तर पुठ्ठा, वह्या, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, बादल्या सगळ्याला एकच भाव, आणि तो भाव साहजिकच सगळ्यात स्वस्त मालाच्या जवळ असतो. तो माणूस ते मिक्स घेऊन मिक्स विकत नाही. संध्याकाळी घरी नेऊन त्याची बायको-पोरं ते वेगळं करतात आणि पुढे प्रत्येक माल आपापल्या भावाने जातो. त्या निवडण्याच्या मेहनतीचे पैसे त्याला मिळतात, त्यात काही चूक नाही, पण आमच्याकडे तर ते आधीच निवडून ठेवलेलं होतं, वेगवेगळ्या गोण्यांत. निवडलेला माल मिक्सच्या भावात देणं म्हणजे निवडण्याची मजुरी फुकट.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा काटा. हातात धरायचा डिजिटल काटा, खाली हूक, छोट्या स्क्रीनवर आकडा. डिजिटल बघितला की लोक गप्प बसतात, स्क्रीनवर आलं म्हणजे खरंच असणार. पण तो काटासुद्धा सेट करता येतो. वैनीच्या सासऱ्यांनी त्याला सांगितलं, थांब जरा, आणि आतून गॅसचा सिलिंडर आणला, त्याच दिवशी आलेला, सील न तोडलेला. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, त्यावर १५.३ होतं. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो असतो. म्हणजे भरलेला सिलिंडर साडेएकोणतीस भरायला हवा. दोघांनी मिळून हुकाला लावून उचलला, आकडा आला २६.

भंगारवाला म्हणाला, सिलिंडरमध्येच गॅस कमी असेल. हे होऊ शकतं, नाकारत नाही, म्हणून मग दुकानातून आणलेली पाच किलोची बंद आट्याची पिशवी लावली. चार किलो चारशे. आता इथे थोडं लक्ष द्यायला हवं. काटा नुसता शून्यावर नीट नसेल तर छोट्या वजनाला जेवढा फरक येतो तेवढाच मोठ्या वजनाला येतो, म्हणजे पाच किलोला सहाशे ग्रॅम कमी तर तीस किलोलाही सहाशेच कमी. इथे तसं नव्हतं, वजन वाढलं तसा फरकही वाढला, पाचाला सहाशे ग्रॅम आणि साडेएकोणतीसला साडेतीन किलो. दोन्हीकडे शंभराला बाराच कमी. असा प्रमाणात वाढणारा फरक म्हणजे काटा तसाच सेट केलाय नाहीतर बिघडलाय, शून्य दाबून तो सुधारत नाही. म्हणूनच एकाच वजनाने तपासणं पुरत नाही, एक हलकं आणि एक जड अशी दोन लावून बघायची. सिलिंडर नसेल तर वीस लिटरचा पाण्याचा कॅन चालतो, लिटर पाण्याचं वजन किलोच असतं, फक्त रिकाम्या कॅनचं वजन आधी वाण्याकडे करून घ्यायचं.

त्या बारा टक्क्यांनी सोळाचा भाव चौदाच्या जरा वर येतो. आणि सगळा माल त्याच काट्यावर मोजला असता तर ४,३४८ नाही, साधारण ३,८२६ रुपये हातात पडले असते. म्हणजे पाचशेच्या वर रुपये नुसत्या काट्यात गेले असते, आणि कोणाला कळलंही नसतं कारण घरी गोणीचं वजन आधी करून ठेवतो कोण? तेव्हा काटा डिजिटल आहे की जुना तराजू आहे हे बघत बसू नका. धंद्यात वापरायच्या काट्याची वैधमापनशास्त्र विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी, आणि त्याचा शिक्का-प्रमाणपत्र असतं. फेरीवाल्याकडच्या हाताच्या काट्यावर ते मी तरी कधी पाहिलेलं नाही. गोडाऊनमध्ये खालचा प्लॅटफॉर्म काटा असेल तर तिथे विचारता येतं.

भांडण वगैरे काही झालं नाही. माणूस नेहमीचा आहे, पुढच्या महिन्यात परत दारात येणार, त्याला म्हटलं आता नाही देत, लोखंड-पत्रा निघेल तेव्हा बोलावू. तोही हसला आणि गेला.

दुसरं गिऱ्हाईक रत्नागिरीतलं एक गोडाऊन. हे लोक फेरीवाल्यांकडूनच माल घेतात, गठ्ठे बांधतात आणि घाटावर पाठवतात. भाव फोनवर विचारायचा तर कसा विचारायचा हे वैनी तिथे शिकली. "पेपरला काय देता" एवढंच विचारलं तर एक आकडा मिळतो आणि गोणी काट्यावर ठेवल्यावर दुसरा. म्हणून पूर्ण विचारायचं: पेपर कोरडा आहे, सुतळीने बांधलेला आहे, दीडशेच्या वर किलो आहे, भाव तुमच्या गोडाऊनवर पोच की आमच्या दारात उचलून, आणि वजावट किती धरता. या तीन गोष्टी, म्हणजे माल कुठल्या प्रतीचा, कुठे पोच आणि वजावट, ठरल्याशिवाय भावाला काही अर्थ नाही. सोळा वजा बारा टक्के काटा वजा 'ओला आहे' म्हणून आणखी दोन किलो हा काय भाव झाला?

गोडाऊनचे भाव असे मिळाले: पेपर १३, वह्या-पुस्तकं ११, पुठ्ठा ८, पाण्याच्या बाटल्या १८, दुधाच्या पिशव्या १२, कडक प्लॅस्टिक १४. पेपर तीन रुपयांनी कमी बघून आमच्या काकी म्हणाल्याच, की बघा तो सोळा देत होता. पण आमच्या मालात पेपर निम्म्याहून कमी आहे, आणि बाकी सगळ्यात गोडाऊन सहापेक्षा किती तरी वर आहे. एकट्या बाटल्यांचंच बघा, मिक्समध्ये ४० किलोचे २४० रुपये, इथे ७२०.

प्रश्न वाहतुकीचा. छोटा टेम्पो रत्नागिरीपर्यंत बाराशे मागत होता. माल सगळा मिळून ५,३७६ रुपयांचा, त्यातून बाराशे गेले की ४,१७६, म्हणजे फेरीवाल्याच्या ३,८२६ पेक्षा फार पुढे नाही, आणि वर हमालीची कटकट. वैनीने विचारलं तुमची गाडी येईल का. ते म्हणाले चारशे किलोच्या वर असेल तर आमची गाडी गणपतीपुळ्याकडे होमस्टेचा माल उचलायला येतेच, किलोमागे एक रुपया कापू. म्हणजे साडेचारशे रुपयांच्या आसपास काम. हे सगळ्यात महत्त्वाचं निघालं आणि हे फक्त एकत्र जमवल्यामुळेच झालं, एका घराच्या तीस किलोसाठी कोणी गाडी पाठवत नाही.

तिसरं गिऱ्हाईक कोल्हापूरकडचं. एका पाहुण्याच्या ओळखीने नंबर मिळाला होता. पेपर १७, पुठ्ठा १०, पण माल ट्रकभर हवा, निदान काही टन, आणि गठ्ठे मशीनने दाबलेले. आमच्या साडेचारशे किलोत त्यांना काय रस असणार. पण हा फोन फुकट गेला नाही. रत्नागिरीतला कागद आंबा घाटातून वर कोल्हापूरच्या बाजूला जातो, तिथून कागदाच्या गिरण्यांकडे, त्यामुळे वरचा भाव कळला की खालचा भाव बरोबर आहे की नाही ते ताडता येतं. वर १७ आणि खाली १३, मधले चार रुपये म्हणजे घाटाची गाडी, गठ्ठा बांधणं, हमाली आणि गोडाऊनवाल्याचा नफा. हे पटण्यासारखं आहे. उद्या वर १७ असताना खाली कोणी ८ सांगितले तर मात्र बोलायला जागा आहे. आणि वर १७ असताना एखादा फिरता टेम्पो दारात येऊन १६ सांगतो, तेव्हाही विचार करायला हवा की हा कमावतो कुठून.

भाव वर-खाली का होतात हेही थोडं सांगून टाकतो. रद्दी आणि पुठ्ठा शेवटी खोक्यांचा कागद बनवणाऱ्या गिरण्यांत जातो, त्यांची मागणी आणि बाहेरून येणाऱ्या रद्दीचा खर्च यावर आपल्या गोणीचा भाव हलतो. कोरोनानंतरच्या काळात बाहेरची रद्दी महाग झाली तेव्हा इथली रद्दी एकदम वर गेली होती, लोकांना तोच भाव डोक्यात बसलाय आणि आता तेवढा मिळत नाही म्हणून प्रत्येक भंगारवाला चोर वाटतो. प्लॅस्टिकचं कच्च्या तेलाशी जोडलेलं असतं, नव्या प्लॅस्टिकचा दाणा स्वस्त झाला की जुन्या बाटलीला कोण विचारतो. म्हणून गेल्या वर्षीचा भाव घेऊन भांडू नका, त्याच आठवड्यात दोन-तीन ठिकाणी विचारा.

आता निवडण्याबद्दल, कारण गोडाऊनचा भाव मिळतो तो निवडलेल्याच मालाला. कागदात मोठी चूक म्हणजे पेपरच्या गठ्ठ्यात लग्नपत्रिका, प्लॅस्टिकचा थर असलेले चकचकीत कव्हर, तेलकट कागद घुसवणं. गठ्ठा बाहेरून छान दिसतो पण गोडाऊनवाला मधून एक गठ्ठा सोडून बघतो आणि मग सगळ्याच गठ्ठ्यांना मिक्सचा भाव लावतो. वह्यांचे प्लॅस्टिकचे कव्हर आणि स्पायरल काढायचे. बँकेचे कागद, आधारच्या झेरॉक्स असतील तर आधी बाजूला काढून फाडा, रद्दी कुठे कुठे फिरते ते आपल्या हातात नसतं.

पेपरच्या बाबतीत एक स्थानिक गंमत आहे. मोसमात आंबे पेटीत भरायला जुना पेपर लागतोच, त्यामुळे मार्च ते मे बागायतदार सरळ घरून पेपर विकत घेतात, आणि ते घडी न मोडलेल्या, स्वच्छ पेपरला गोडाऊनपेक्षा दोन रुपये जास्तच देतात. आमच्याकडून काहींनी नेला असता, पण वैनीने सगळं एकदम विकायचं ठरवलं होतं. पुढच्या मोसमात चांगल्या पेपरचे गठ्ठे आधी बागायतदारांना विचारून मग उरलेला गोडाऊनला असं ठरलंय. वडापाव-भजीच्या गाड्यांनाही पेपर जातो, पण छापलेल्या शाईच्या कागदात खाद्यपदार्थ बांधू नका असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच सांगितलंय, तेव्हा तिकडे विकायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

प्लॅस्टिकमध्ये तर नुसता बघून अंदाज चुकतोच. तळाला त्रिकोणात आकडा असतो, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीवर १, शाम्पू-फिनाइलच्या जाड डब्यावर बहुतेक २, आइस्क्रीमचे डबे, बऱ्याच खुर्च्या यांवर ५. आकडा पुसला गेला असेल तर तुकडा कापून बादलीत टाकायचा: पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक बुडतं, तिचं टोपण, शाम्पूचा डबा, दुधाची पिशवी तरंगते. पाइपचं प्लॅस्टिकही बुडतं, पण ते वेगळं, बाटल्यांच्या गोणीत पाइपचा तुकडा सापडला तर अख्ख्या गोणीचा भाव पडतो, कारण वितळताना ते सगळा लॉट खराब करतं. बाटल्यांची टोपणं काढून, आतलं पाणी ओतून, पायाने चेपून भरायच्या. टोपण लावून चेपली तर हवा अडकते आणि एका गोणीत निम्म्याच मावतात. तेलाच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, त्या धुतल्या तरी चिकटच असतात, आणि हिरव्या बाटल्यांना पांढऱ्या बाटल्यांपेक्षा कमी मिळतं.

ज्याला काहीच भाव नाही असा माल पण साठवला गेला होता. चिप्स-कुरकुऱ्यांची चंदेरी पाकिटं कोणीच घेत नाही, त्यात प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकत्र चिकटवलेले असतात. मेलामाइनच्या ताटल्या पण नाही, त्या वितळतच नाहीत, आणि गंमत म्हणजे त्या जड असतात म्हणून सगळ्यांना वाटतं वजन चांगलं भरेल. वैनीच्या ५० किलोच्या कडक प्लॅस्टिकमधून ४ किलो तिथल्या तिथे बाजूला काढले, त्यात ताटल्या आणि विजेची जुनी बटणं. थर्माकोल नाही. आणि किनाऱ्यावरच्या लोकांसाठी मुद्दाम: जुनी जाळी या मालात टाकू नका. नायलॉनच्या जाळीला वेगळं गिऱ्हाईक असतं आणि वेगळा भाव, पण त्यात वाळू, शिसं, बुच अडकलेलं असतं, ती झटकून, वाळवून, दोरी कापून वेगळी केली तरच कोणी बघतं.

गाडी आली त्या दिवशी काटा प्लॅटफॉर्मवाला होता, जमिनीवर ठेवायचा. पुन्हा सिलिंडर. साडेएकोणतीसला एकोणतीस किलो चारशे दाखवलं, आट्याची पिशवी पाच किलोच. शंभर ग्रॅमचा फरक चालायचाच. गोडाऊनच्या माणसाने सिलिंडर बघून काही तोंड वाकडं केलं नाही, उलट स्वतःच म्हणाला लावा. हीच खरी खूण वाटली मला. नवीन गिऱ्हाईक असेल तर आधी एखादी गोणी देऊन बघा, आणि तेव्हा भावापेक्षा हे बघा की काटा तपासू देतो का, फोनवर सांगितलेला भाव काट्यावर तोच राहतो का, वजावट मोजायच्या आधी सांगतो की पैसे देताना काढतो, आणि नको असलेला माल तोंडावर नको म्हणतो का. जो सगळंच घेतो आणि काहीच नाकारत नाही तो भाव कुठेतरी आधीच कापून बसलेला असतो.

पुठ्ठ्यावर त्यांनी पाच टक्के वजावट धरली, टेप आणि थोडा ओलसरपणा म्हणून. १४० चे १३३ किलो झाले. यावर काकी थोडं बोलल्या, पण आम्ही टेप काढलेली नव्हती हे खरंच होतं. शेवटचा हिशेब असा झाला: पेपर २,०८०, वह्या ६६०, पुठ्ठा १,०६४, बाटल्या ७२०, दुधाच्या पिशव्या ९६, कडक प्लॅस्टिक ४६ किलोचे ६४४, एकूण ५,२६४. त्यातून गाडीचे ४४७ कापले, हातात ४,८१७ आले, लगेच फोनवर. फेरीवाल्याच्या काट्यावर जे ३,८२६ पडले असते त्यापेक्षा जवळजवळ हजार रुपये जास्त. वीस घरं आणि पाच महिने याला वाटून बघितलं तर काही डोळे दिपवणारी रक्कम नाही, हे सांगायलाच हवं. दुधाच्या पिशव्यांची मेहनत तर कोणालाच परवडली नाही, धुवा, उलट्या करून वाळवा, आणि मिळाले ९६ रुपये. त्या आता वेगळ्या मोजत नाही, धुतलेल्या असल्या तर गोणीत जातात एवढंच.

आता पावसाचं, कारण कोकणात हा धंदा खरा अडतो तो जूनमध्ये. मृगाच्या आत विकायची घाई होती ती यासाठीच. कागद हवेतली ओल पितो, कोंदट हवेत कागद नुसता ठेवला तरी जड होतो, आणि विकणाऱ्याला वाटतं वजन वाढलं, पण गिरणी ओलाव्याची वजावट करते, ती गोडाऊनवर येते आणि गोडाऊन ती आपल्यावर टाकतो. शिवाय घाट बंद झाला की गाड्या थांबतात आणि गोडाऊन भरलेलं असतं, मग भाव आणखी उतरतो. ओल ओळखायची तर गठ्ठ्याच्या मध्ये हात घालायचा. वरचे चार पेपर नेहमी कोरडेच वाटतात. मधला पेपर काढून दुमडला की कोरडा असेल तर कुरकुरतो, ओला असेल तर मऊ कापडासारखा वाकतो आणि कुबट वास येतो. काळे-हिरवे ठिपके आले म्हणजे बुरशी, तो गठ्ठा वेगळा काढा नाहीतर बाजूच्यांनाही लागते.

आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये थोडा कागद ठेवून बघितला. चुलीच्या वरच्या माळ्यावर सुकं राहतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे कागद ठेवायला काकींनी साफ नकार दिला, आणि बरोबरच आहे, ठिणगी उडाली तर घर जाईल. मग पत्र्याच्या खोलीत जमिनीपासून हातभर उंच फळ्या टाकल्या, भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं. जांभ्याच्या भिंतीला टेकवलेला गठ्ठा पंधरा दिवसांत ओला होतो आणि वाळवी लागते ती वेगळीच. तरीसुद्धा ऑगस्टमध्ये त्याच गोडाऊनने पेपरला दहा रुपये सांगितले आणि दहा टक्के वजावट. म्हणजे हातात नऊ. एवढी जागा अडवून, फळ्या टाकून, चार रुपये कमी. तेव्हापासून ठरलं की पावसात कागद-पुठ्ठा साठवायचा नाही, जेवढा निघेल तेवढा महिन्याच्या महिन्याला त्या फेरीवाल्यालाच द्यायचा, पण आमच्या काट्यावर मोजून. हो, गटाने आता एक साधा काटा घेतलाय. आणि फेरीवाला त्यावर तयार आहे, फक्त भाव सोळा नाही, दहा सांगतो. म्हणजे त्याला पण माहीत होतं की सोळा खरा नव्हता.

प्लॅस्टिकला पावसाचं काही नाही, ते उघड्यावर ठेवलं तरी चालतं, फक्त बाटल्या टोपण काढून चेपलेल्याच हव्यात, नाहीतर प्रत्येकीत पाणी साचतं आणि डासांची पैदास होते. बादल्या-टबांना पण उलटं रचा.

पुढचा मोठा माल गणपतीत. चाकरमानी आले की पाच-सात दिवसांत जेवढे खोके निघतात तेवढे दोन महिन्यांत निघत नाहीत, नवीन टीव्ही, मिक्सर, मिठाईचे बॉक्स, आणि पाण्याच्या बाटल्यांना तर अंत नाही. पण तेव्हा सगळ्याच गावांतून पुठ्ठा एकदम गोडाऊनला पोचतो आणि पाऊसही संपलेला नसतो, त्यामुळे त्या आठवड्यात फोन केला तर पडका भाव मिळतो. म्हणून एवढ्यापुरता नियम मोडून हे खोके टेप काढून, सपाट करून फळ्यांवर ठेवायचे आणि दसऱ्याच्या सुमाराला, ऊन पडून आठवडाभर झाल्यावर विकायचे असा वैनीचा विचार आहे, पेपर तोवर साठवायचा नाहीच. राहिलं मखराचं थर्माकोल. २०१८ च्या बंदीनंतर मखरात ते पुष्कळ कमी झालंय पण टीव्हीच्या खोक्यांतून अजून येतंच, त्याला गोडाऊन घेत नाही, फेरीवाला घेत नाही, आणि ग्रामपंचायतीची कचऱ्याची गाडी आमच्या वाडीपर्यंत येत नाही. सध्या ते एका गोणीत भरून खोलीच्या मागे पडून आहे.